तिसऱ्या दिवसाचं वजन

निरोगी बाळही जन्मानंतरच्या पहिल्या काही दिवसांत थोडं उतरतं आणि साधारण दहाव्या दिवसापर्यंत मूळ वजनावर येतं. म्हणून आशाताईंनी भरलेले गृहभेटींचे फॉर्म तपासायला घेतले की माझी नजर आधी तिसऱ्या दिवसाच्या वजनाकडे जाते. एखाद्या गठ्ठ्यात प्रत्येक बाळाचं वजन तिसऱ्याच दिवशी शंभर ग्रॅमनी वाढलेलं असेल, श्वास सगळ्यांचे मिनिटाला चाळीस आणि ताप एकालाही नसेल, तर ते फॉर्म एकाच बैठकीत भरलेले असतात. बाळाला काट्याच्या झोळीत घातलेलंच नसतं.

आशांच्या कामावर देखरेख करण्यात माझी बरीच वर्षं गेली. रिहे खोऱ्यातल्या विखुरलेल्या वस्त्यांवर त्यांच्याबरोबर फिरताना एक प्रश्न सतत सोबत राहिला. माणसाकडून काम करवून घेणं आणि माणसाला ते काम आपलं वाटणं, यांत नेमका फरक कुठे पडतो? नेतृत्वाच्या अभ्यासात याला दोन नावं आहेत. जेम्स मॅकग्रेगर बर्न्स यांनी १९७८ साली राजकीय नेत्यांबद्दल लिहिताना ही विभागणी मांडली. व्यवहारात्मक नेतृत्व देवाणघेवाणीवर चालतं : काम करा, मोबदला घ्या, चुकलात तर जाब द्या. परिवर्तनात्मक नेतृत्वात नेता आणि अनुयायी एकमेकांच्या प्रेरणेची पातळी उंचावतात. बर्न्स यांनी ही दोन टोकं मानली. १९८५ मध्ये बर्नार्ड बास यांनी त्यात महत्त्वाची दुरुस्ती केली. एकच माणूस दोन्ही करू शकतो आणि दुसरं नेतृत्व पहिल्याची जागा घेत नाही, त्यात भर घालतं, असं त्यांचं म्हणणं. मला बास जास्त पटतात, आणि त्याचं कारण हाच फॉर्म आहे.

दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर आशाताईने तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी जायचं. घरी झालं असेल तर पहिल्या दिवशीही. प्रत्येक वेळी वजन करायचं, थर्मामीटर लावायचा, मिनिटभर श्वास मोजायचे, नाळ बघायची, आई पाजते कशी ते बघायचं. या सगळ्या भेटी मिळून २५० रुपये. २०११ च्या सुमारास योजना आली तेव्हा पैसे मिळण्याच्या अटी अशा होत्या : जन्माचं वजन नोंदलेलं हवं, जन्माची नोंदणी झालेली हवी, सुरुवातीच्या लसी दिलेल्या हव्यात आणि बेचाळिसाव्या दिवशी आई-बाळ दोघं सुखरूप हवीत.

शेवटची अट पुन्हा वाचा. जी बाई चार वेळा गेली, जिने बाळ थंड पडलंय हे ओळखून त्याला दवाखान्यात पाठवलं आणि तरीही ते दगावलं, तिच्या मेहनतीचं या अटीत काय होतं? आणि जी तीनदा गेलीच नाही, पण जिचं बाळ नशिबाने धडधाकट राहिलं, तिला पूर्ण रक्कम. मोबदला निकालाशी बांधला आणि निकाल कामाच्या हातात पूर्ण नसला की व्यवहार असा वाकडा होतो. निकालाऐवजी भेटीला पैसे बांधावेत, तर भेटीची तारीख मोजता येते, पण बाळाचं दुपटं उघडून पाहिलं की नाही हे मोजता येत नाही.

मग तपासणी येते. चूक सापडली की नोटीस काढायची, यालाही अभ्यासक व्यवहारात्मक नेतृत्वाचाच भाग मानतात. एका ठिकाणी मी याचा परिणाम जवळून पाहिला. वरिष्ठांनी फॉर्ममधल्या विसंगतींवर लेखी खुलासे मागवले, आणि पुढच्या महिन्यापासून फॉर्म निर्दोष येऊ लागले. तिसऱ्या दिवशी वजन व्यवस्थित उतरलेलं, चौदाव्या दिवसापर्यंत व्यवस्थित भरून आलेलं. आशा शिकल्या होत्या, पण बाळ तपासायला नव्हे. आता खोटं ओळखण्याची खूणही आमच्या हातून गेली होती.

ज्या कामाची ही योजना झाली, ते काम मुळात आपल्याच राज्यातलं. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग १९८६ मध्ये गडचिरोलीत गेले. गोंड आदिवासी दवाखान्यात का येत नाहीत हे त्यांनी त्या लोकांनाच विचारलं. मोठ्या इमारतीची भीती वाटते, नातेवाइकांना जवळ राहू देत नाहीत, अशी उत्तरं आली, म्हणून शोधग्राम या त्यांच्या वसाहतीतला दवाखाना गावासारखा झोपड्यांचा बांधला आणि त्याला दंतेश्वरी मातेचं नाव दिलं.

त्याहूनही मला त्यांचं श्वास मोजण्याचं साधन मोलाचं वाटतं. बाळाचा श्वास मिनिटाला साठ किंवा अधिक असेल तर न्यूमोनियाची शंका घ्यायची. पण गावातल्या सुइणींना साठपर्यंत मोजता येत नव्हतं. दुसरं कुणी असतं तर शिकलेल्या बाया शोधल्या असत्या. इथे मण्यांची पाटी तयार झाली : दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा, शेजारी मिनिटभराचं वाळूचं घड्याळ. वाळू संपायच्या आत लाल मणी सरकला तर बाळ आजारी. सुईण दहापर्यंत मोजू शकते, एवढ्या भांडवलावर तिला निदान करता आलं. परिवर्तनात्मक नेतृत्वाच्या घटकांच्या बास यांच्या यादीत माणसागणिक लक्ष देणं आणि विचाराला चालना देणं असे दोन वेगळे घटक आहेत. मला ते दोन्ही या एका पाटीत दिसतात.

पुढे ३९ गावांत प्रशिक्षित आरोग्यदूतांनी घरोघर नवजात बाळांची काळजी घेतली. हजारी ६२ असलेले नवजात मृत्यू तीन वर्षांत पंचविसाच्या आसपास आले. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ने ते निष्कर्ष छापले. पण तिथे नुसती प्रेरणा नव्हती. प्रत्येक गावात साधारण पंधरवड्याला नोंदी तपासायला माणूस जात असे, आणि तो आरोग्यदूताबरोबर बाळही पाहत असे. योजना देशभर गेली तेव्हा फॉर्म, थर्मामीटर, वजनकाटा आणि भेटींचे दिवस सगळीकडे पोचले. सोबत बाळ पाहणारा माणूस मात्र पोचला नाही.

आमच्याकडे जे बदललं ते छोटं आहे. मासिक बैठकीत ‘किती फॉर्म बाकी?’ हा पहिला प्रश्न आम्ही मागे ढकलला. त्याऐवजी विचारू लागलो, ‘या महिन्यात कुणाचं बाळ उतरलं आणि चौदाव्या दिवशीही भरून आलं नाही?’ या प्रश्नाला खोटं उत्तर देऊन कुणाचाच फायदा नव्हता. एका आशाताईने सांगितलं, ‘ताई, काटा रिकाम्या झोळीलाच पाव किलो दाखवतो.’ काटा शून्यावर आणायचा स्क्रू फिरवायला तिला कुणी शिकवलंच नव्हतं. तिच्या वस्तीवरची सगळी बाळं कागदावर पाव किलोने जड होती. सव्वादोन किलोचं बाळ अडीच किलोचं दिसलं की ते कमी वजनाच्या यादीतून निसटतं, आणि ज्याला अंगाला लावून ऊब द्यायची त्याची आठवणही कुणाला होत नाही. नोटिशीने हे कधीच बाहेर आलं नसतं. तिने ते सांगितलं, कारण बैठकीत उतरलेलं वजन आता गुन्हा राहिलं नव्हतं.

तरी परिवर्तनाच्या भाषेचा मला धाकही वाटतो. आशा कागदोपत्री ‘स्वयंसेविका’ आहेत. सेवाभावाची भाषणं त्यांनी भरपूर ऐकली आहेत आणि बऱ्याचदा ती थकलेल्या मोबदल्याच्या जागी ऐकली आहेत. २०२३ च्या ऑक्टोबरात राज्यभरच्या आशा संपावर गेल्या, त्यानंतर २०२४ मध्ये राज्य सरकारने महिन्याला पाच हजारांची वाढ दिली. त्या संपाने त्यांचं बाळांवरचं प्रेम कमी झालं असं म्हणणाऱ्यांनी एकदा पावसाळ्यात डोंगराकडच्या वस्तीवर झोळी आणि काटा घेऊन चालून पाहावं. ज्या नेत्याने ठरलेले पैसे वेळेवर दिले नाहीत त्याने ध्येयाबद्दल बोलूच नये. बास यांनी व्यवहाराला पाया म्हटलं ते याच अर्थाने मला खरं वाटतं.

उरतो प्रश्न वेळेचा. एका गटप्रवर्तकाकडे साधारण वीस आशा. प्रत्येकीबरोबर महिन्यातून एकदा एका बाळाच्या घरी जायचं म्हटलं तरी कामाचे बहुतेक दिवस संपतात. अहवाल आणि बैठका त्यानंतर. शिवाय बाळंतीण निम्म्या वेळा माहेरी गेलेली असते. आम्ही एवढंच ठरवलं आहे की वेळ अपुरा पडला तर आधी अडीच किलोच्या आतल्या बाळांच्या घरी जायचं, तेही तिसऱ्या किंवा सातव्या दिवशी, आणि वजन आशाताईनेच करायचं. गटप्रवर्तकाने फक्त काट्याकडे बघायचं.