कोऱ्या कागदाचा मायना

माउली, वडीलधाऱ्यांना पत्र लिहायला बसले की हात पहिल्यांदा अडतो तो मायन्यावर. मजकूर मनात तयार असतो. पण वर ‘तीर्थरूप’ लिहायचे, ‘तीर्थस्वरूप’ लिहायचे, नुसते ‘श्री.’ लिहायचे, की ‘प्रिय’? हा प्रश्न केवळ रीतीचा नाही. मनात नसलेला आदर कागदावर लिहावा का, आणि मनात असलेले प्रेम रीतीखातर लपवावे का, असा तो प्रश्न आहे.

या अडचणीची सर्वांत मोठी गोष्ट आपल्या संप्रदायातच आहे. परंपरा सांगते की योगबळाने चौदाशे वर्षे जगलेल्या चांगदेवांच्या कानी ज्ञानदेवांची कीर्ती गेली. भेटीआधी पत्र धाडावे म्हणून ते लिहायला बसले आणि मायन्यावरच अडले. वयाने पाहावे तर समोरचा पोर, म्हणजे ‘चिरंजीव’ लिहायला हवे. अधिकाराने पाहावे तर तो वडील, म्हणजे ‘तीर्थरूप’ लिहायला हवे. काहीच ठरेना, म्हणून त्यांनी कोराच कागद पाठवला. चौदाशे वर्षे जगून हे अजून कोरेच राहिले, असे मुक्ताई म्हणाल्या, ते तुम्ही कीर्तनात अनेकदा ऐकले आहे.

पण आपण तिथे हसून पुढे जातो. जरा थांबून पाहा, चांगदेवांचे अडले कुठे? त्यांच्या मनात आदर नव्हता असे नाही. त्यांनी मायन्याचा तराजू केला होता. एका पारड्यात वय, दुसऱ्यात ज्ञान, आणि काटा स्थिर होईना. मोठे कोण, हे ठरवत बसले तोवर लेखणी हलली नाही.

आता उत्तर पाहा. निवृत्तिनाथांच्या सांगण्यावरून ज्ञानदेवांनी पासष्ट ओव्या लिहिल्या, तीच चांगदेव पासष्टी. तिचा आरंभ पत्राला शोभेल असा ‘स्वस्ति’ने होतो. पण चांगदेवांना त्यात ना ‘तीर्थरूप’ म्हटले आहे, ना ‘चिरंजीव’. ज्या वटेश्वराचे नाव चांगदेव आपल्या नावाला जोडत, त्या वटेश्वराचा पुत्र म्हणून त्यांना ओळखले आहे, आणि ‘चांगया’ अशी जवळची हाक घातली आहे. समोरचा आपल्यापेक्षा मोठा की लहान, हा प्रश्न ज्ञानदेवांनी घेतलाच नाही. तो कोणाचा आहे आणि आपला कोण आहे, एवढे पाहिले. मायन्याचे काम तेवढेच आहे. तो नाते सांगतो, माप सांगत नाही.

ही गोष्ट मनाशी धरली की जुनी रीतही उलगडते. ‘तीर्थरूप’ म्हणजे ‘ती.’ हे आईवडिलांसाठी. ‘तीर्थस्वरूप’ म्हणजे ‘ती. स्व.’ हे आईवडिलांच्या जागी असणाऱ्यांसाठी: काका, मामा, आत्या, थोरला भाऊ. त्याखाली आईवडिलांना ‘शिरसाष्टांग नमस्कार’, इतर वडीलधाऱ्यांना ‘साष्टांग नमस्कार’, आणि मग ‘विनंती विशेष’. बरोबरीच्या माणसाला ‘सप्रेम नमस्कार’. नात्यात नसलेल्या वडील माणसाला ‘आदरणीय’ पुरते; तिथे ‘तीर्थरूप’ लिहिले तर ती खुशामत वाटते. कीर्तनकारांच्या नावाआधी ‘ह. भ. प.’ लिहितात, पण ते इतरांनी लिहायचे; स्वतःच्या सहीआधी कोणी लिहू नये.

आता एक अवघड प्रसंग घ्या. समजा, एका मुलाचे वडील लहानपणीच गेले आणि काकांनी त्याला वाढवले. पुढे शेताच्या बांधावरून वाद झाला आणि दोन वर्षे बोलणे बंद आहे. आता मुलीच्या लग्नाचे पत्र धाडायचे आहे. ‘ती. स्व. काकांस’ लिहावे तर मन म्हणते, हे खोटे आहे, माझ्या मनात राग आहे. ‘श्री.’ आणि पुढे पूर्ण नाव लिहावे, तर ते तलाठ्याला लिहिल्यासारखे होते. पाकीट फोडताच काकांना कळेल की पुतण्याने नाते तोडले. ‘प्रिय काका’ लिहावे, तर ज्या घरात काकांना कायम ‘अहो’ म्हटले गेले तिथे, आणि तेही भांडणानंतर, ते बरोबरीला आल्यासारखे वाटेल.

इथे ‘तीर्थ’ या शब्दाकडे पाहा. आषाढीला चंद्रभागेचे पाणी गढूळ असते. म्हणून तुम्ही तिला तीर्थ म्हणायचे सोडता का? पाणी आज कसे आहे यावर तीर्थपण ठरत नाही. ‘तीर्थस्वरूप’ लिहिणारा पुतण्या ‘तुमचे बांधाबाबत बरोबर आहे’ असे लिहीत नाही, ‘माझा राग गेला’ असेही लिहीत नाही. ‘तुमच्या आधाराने मी पार झालो’ एवढेच लिहितो, आणि ते खरे आहे. बांधाचा वाद मजकुरात मांडावा, हवा तर स्वतंत्र पत्रात मांडावा. मायन्यात मांडू नये. म्हणून त्याने ‘ती. स्व. काकांस, साष्टांग नमस्कार’ असेच लिहावे. त्यात खोटे काही नाही.

यालाही मर्यादा आहे. ज्या वडीलधाऱ्याने आधार दिलाच नाही, उलट छळ केला, त्याला ‘तीर्थरूप’ लिहिणे म्हणजे जे झालेच नाही ते झाले म्हणणे. तिथे नाव आणि ‘यांस नमस्कार’ एवढे लिहावे. त्यात अपमान नाही आणि असत्यही नाही.

मग ‘प्रिय’ वाईट का? मुळीच नाही. रीतीत तो मित्रांचा आणि धाकट्यांचा मायना, म्हणून वडीलधाऱ्यांना तो खटकतो. पण आईचा विचार करा. बापाला ‘अहो’ म्हणणारी लेकरेही आईला ‘तू’ म्हणतात. संतांनी विठोबाला आई मानले, तेव्हा तेही ‘तू’च म्हणाले, त्याच्याशी भांडलेसुद्धा. त्या ‘तू’ने पांडुरंग लहान झाला नाही. जी लेक आईशी ‘तू’ने बोलते, तिने ‘प्रिय आई’ लिहिले तर ते तिच्या नात्याचे खरे नाव आहे. ‘ती. आईस’ लिहून पुढे ‘तू कशी आहेस’ म्हटले तरीही शोभते. जे शोभत नाही ते कानाला लगेच कळते: ‘प्रिय बाबा, शिरसाष्टांग नमस्कार’. पहिला शब्द गळ्यात पडतो आणि दुसरा पायावर. म्हणून मायना आणि त्याखालची ओळ एकदा मोठ्याने वाचून पाहावी. समोर बसून ज्या तोंडाने बोलाल, त्याच तोंडाचे शब्द आहेत की नाहीत, ते ऐकू येईल.

विधवा आईला लिहिताना ‘सौ.’ जाऊन ‘गं. भा.’ येत असे, म्हणजे ‘गंगाभागीरथी’. शब्द नदीचा असला तरी प्रत्येक पाकिटावर तो तिला नवरा गेल्याची आठवण देतो. लेकराचे नाते त्याने बदलत नाही. आत ‘ती. आईस’ आणि पाकिटावर ‘श्रीमती’ लिहिले की काही उणे राहत नाही.

वारीत बाप मुलाच्या पाया पडतो आणि दोघेही एकमेकांना ‘माउली’ म्हणतात. तिथे कोणी कोणाचे वजन करत नाही. घरी आल्यावर पत्र लिहायला बसाल, तेव्हाही तराजू बाजूला ठेवा. हा माणूस माझा कोण, एवढे स्वतःला विचारा. उत्तर आले की कागद कोरा राहणार नाही.

रामकृष्ण हरी.