रिकाम्या खाटेचं भाडं



आपल्या चौघांतला एक पुण्याला गेल्यावर खांदा कॉलनीतल्या या घराचं भाडं आता आपल्या तिघांवर आलं. माझ्या मनात पहिल्यांदा आलं ते २४,००० भागिले तीन, प्रत्येकी ८,०००. सरळ, समान. पण ते मला इतकं चटकन पटलं, त्याचीच मला शंका आली. त्याची खाट माझ्या खोलीत होती. खोली अख्खी मला मिळणार, तुम्ही मात्र दुसऱ्या खोलीत दोघं राहणार, आणि पैसे सारखे? मी तुमच्या जागी असतो तर गप्प बसलो असतो का?

म्हणून पुन्हा मांडलं. हॉल, स्वयंपाकघर, बाथरूम यांचे १२,००० आणि दोन्ही खोल्यांचे सहा-सहा हजार धरू. आधी प्रत्येकाचे सामाईक तीन आणि खोलीचे तीन, असे सहा हजार होत होते. आता सामाईक वाटा ४,०००. तुमचे सात-सात, माझे दहा.

दहाचा आकडा बघून मी लगेच पळवाटा शोधल्या. तो गेला त्यात माझा काय दोष? करारावर सह्या तर सगळ्यांच्या आहेत. हे खरंच आहे. एकटी खोली मला नको असेल तर ती सोय नाही, बोजा आहे. मग निवाडा कसा करायचा? मला एकच मार्ग दिसतो: किमती मी ठरवल्या, तर निवड आधी तुम्ही करा. तुमच्यापैकी कुणाला दहा हजारांत एकटी खोली हवी असेल तर मी सात देऊन दुसऱ्या खोलीत येतो. दोघांनाही नको असेल, तर ती माझी. नवा माणूस येईपर्यंत दहा मी देईन. तो कोण, हे मात्र तिघांनी ठरवायचं.

विजेचं लिहिताना जास्त अवघड वाटतंय. एसी आमच्याच खोलीत होता आणि बिल चौघांत वाटलं जायचं. तुम्ही कधी बोलला नाहीत, मीही विषय काढला नाही. महावितरणचा दर १०० युनिटनंतर चढतो, ३०० नंतर आणखी चढतो. समजा महिन्याला ३४० युनिट झाले आणि त्यात एसीचे १२० असले, तर एसीशिवाय आपण २२० वरच थांबलो असतो. म्हणून एसीला सब-मीटर लावू आणि त्याचे युनिट वरून मोजू: ४० सर्वात चढ्या दराने, ८० मधल्या दराने. ते एसीच्या खोलीत राहणाऱ्याचे. उरलेलं बिल, स्थिर आकार, वायफाय आणि कामवाल्या मावशींचा पगार तिघांत सारखा.

त्याच्या डिपॉझिटचे १५,००० घरमालक करार संपल्यावरच देणार. नवा माणूस येईपर्यंत त्याला थांबवू, असं मला आधी वाटलं होतं. पण त्यानं का थांबावं? आपण पाच-पाच हजार काढून त्याला देऊ. नवा आला की त्याच्याकडून, नाहीतर शेवटी मालकाकडून ते आपल्याला परत मिळतील.

कुठे खटकलं तर आकड्यावर खूण करा. भाडं एक तारखेला जायचंय, खोलीचं तेवढं रविवारपर्यंत सांगा.