साशंक वाचकाशी वाद

जे मत आमचे आहे तेच ज्याचे आहे, अशा वाचकास आमचा निबंध पटला तर त्यात निबंधाचा पराक्रम कोणता? आणि ज्याचे मत नेमके उलट आहे त्याने तो अर्ध्यावर मिटून ठेवला, तर दोष सर्वस्वी त्याचाच काय? मतप्रचारासाठी लेखणी उचलणाऱ्या प्रत्येकाने हे दोन प्रश्न स्वतःस विचारावेत. ते आम्हांस का विचारावे लागले, याची हकीकत येथे सांगण्याचे योजिले आहे.

नेत्रदानाच्या पुरस्कारार्थ आम्ही एक लेख लिहिला होता. मृत्यूनंतर साधारणतः सहा तासांच्या आत नेत्रपेढीचे लोक येतात, वीस-एक मिनिटांत आपले काम करतात, आणि डोळ्याच्या पुढील भागी जे काचेसारखे पारदर्शक पटल असते ते दुसऱ्याच्या डोळ्यावर बसविले म्हणजे त्यास दिसू लागते, ही माहिती त्यात होती. पुढे, एवढे असूनही जे आप्त नकार देतात त्यांच्या अंधश्रद्धेवर चार सणसणीत वाक्ये होती. ती आमची आम्हांस फार आवडली होती! लेख छापावयास देण्यापूर्वी आम्ही तो शेजारच्या एका वृद्ध स्नेह्यांस वाचून दाखविला. त्यांना आम्ही सारे अण्णा म्हणतो. अण्णांनी तो शेवटपर्यंत शांतपणे ऐकला आणि म्हणाले, “चांगला आहे. पण हा तुम्ही माझ्यासाठी लिहिलेला नाही. जे टाळ्या वाजवतील त्यांच्यासाठी लिहिला आहे.”

हे बोल आमच्या जिव्हारी लागले, कारण ते खरे होते. ज्याने नकार दिला असता त्याचाच होकार मिळविण्यासाठी तर तो लेख होता. कोणी जिवंतपणी प्रतिज्ञापत्र भरून ठेवले तरी प्रत्यक्ष प्रसंगी नेत्रपेढीचे लोक जवळच्या आप्तांची संमती मागतात, आणि ते नाही म्हणाले की प्रतिज्ञापत्र कपाटातच राहते. म्हणजे आमचा खरा वाचक अण्णाच. आणि त्यांनाच आम्ही पहिल्या पानावर दुखविले होते.

अशा वाचकाशी कसे बोलावे, याचा विचार अमेरिकन मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स यांनी १९५१ साली नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात वाचलेल्या एका निबंधात केला आहे. मनाने त्रस्त झालेल्या माणसांचे ऐकून घेणे हा त्यांचा व्यवसाय होता. मनुष्यामनुष्यांतील संवादाचा मोठा अडसर त्यांच्या मते हा की, दुसऱ्याचे म्हणणे कानी पडताच आपण ते बरोबर की चूक, याचा निवाडा करू लागतो. आणि भावना जितक्या तीव्र, तितकी ही घाई अधिक. यावर त्यांनी सुचविलेला उपाय अगदी साधा आहे. दुसऱ्याचे म्हणणे व त्यामागील भावना आपल्या शब्दांत मांडाव्या, ‘होय, मला हेच म्हणावयाचे आहे’ असे त्याच्या तोंडून येईपर्यंत थांबावे, आणि मगच आपले म्हणणे सांगावे. पुढे १९७० साली रिचर्ड यंग, आल्टन बेकर व केनेथ पाइक या तिघांनी आपल्या लेखनशास्त्रावरील ग्रंथात हा विचार निबंधलेखनास लागू केला. प्रथम प्रश्न मांडून प्रतिपक्ष आपणांस समजला आहे हे दाखवावे. मग कोणत्या परिस्थितीत तो खरा ठरतो हे सांगावे. नंतर आपला पक्ष, तोही त्याच्या मर्यादांसह, मांडावा. आणि शेवटी आपल्या पक्षातील काही अंश स्वीकारल्याने प्रतिपक्षास प्रिय असलेलेच काय साधते, हे दाखवावे. हे त्यांचे चार टप्पे होत.

कोणी म्हणेल, यात नवे ते काय? आमच्या शास्त्रकारांनी पूर्वपक्ष मांडल्याखेरीज सिद्धांत कधी सांगितला नाही. हे खरे आहे. आणि तत्त्वनिर्णयासाठी चाललेला वाद व केवळ जिंकण्यासाठी चाललेला जल्प यांतील भेदही न्यायसूत्रांनी केव्हाच सांगून ठेवला आहे. तथापि एक अंतर आहे. पूर्वपक्ष मांडला जातो तो पुढे खोडण्यासाठी, आणि तो नीट मांडला की नाही हे ठरविणारा बहुधा स्वतः सिद्धांतीच असतो. रॉजर्स यांच्या रीतीत हा अधिकार प्रतिपक्षाकडे जातो. त्याची मान डोलल्याशिवाय आपणांस पुढे पाऊल टाकता येत नाही.

ही अट किती कठीण आहे हे आम्ही अण्णांपुढे बसलो तेव्हा कळले. आम्ही म्हणालो, “डोळे काढले तर पुढच्या जन्मी अंधत्व येईल, असे आपणांस वाटते.” अण्णा हसले. “जे शरीर आपण अग्नीला देतो त्याच्या डोळ्यांची काळजी मी कशाला करू? हे तुमचे पुस्तकातले म्हातारे, मी नव्हे.” आम्ही पुन्हा प्रयत्न केला. “चेहरा विद्रूप होईल अशी आपणांस भीती वाटते.” तेही नव्हते. मग ते आपण होऊन बोलू लागले. त्यांच्या पत्नी रुग्णालयात वारल्या. त्यानंतर कागदपत्रे, सह्या आणि अनोळखी माणसांची ये-जा यांतच सारा वेळ गेला, आणि तिच्यापाशी दोन घटका स्वस्थ बसणे त्यांना घडले नाही. “ते पहिले काही तास घरच्यांचे असतात,” ते म्हणाले. “त्यात कोणी घड्याळ घेऊन येऊ नये.”

आता आम्ही म्हणालो, “म्हणजे डोळे देण्यास आपला विरोध नाही. शोकाच्या वेळी परक्यांची घाई घरात शिरते आणि निरोप घेणे राहून जाते, हे आपणांस असह्य वाटते.” अण्णा काही वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, “हो. हेच.”

येथे आमच्या पहिल्या लेखाचा पायाच ढासळला. ज्या अंधश्रद्धेवर आम्ही तुटून पडलो होतो ती या घरी नव्हतीच. आमचा बाण ज्यास लागला तो पुतळा आमचाच होता.

दुसरा टप्पा आता आपोआप समोर आला. अण्णांचे म्हणणे कोठे खरे? ज्या घरी हा विषय आधी कधीच निघालेला नाही, तेथे मृताच्या उशाशी उभे राहून संमती मागणे हे क्रौर्य आहे, आणि तेथे नकार देणारा मनुष्य मागासलेला नसून केवळ दुःखी असतो. हे आम्ही लेखात स्पष्ट लिहिले. आणि लिहिताना ते केवळ त्यांच्यासाठी लिहिले नाही, आमचेच मत तसे झाले होते.

तिसऱ्या टप्प्यात आमची बाजू आली, ती पूर्वीपेक्षा लहान होऊन. सारे अंधत्व या दानाने दूर होते, असा सूर पहिल्या लेखात होता. वस्तुतः पारदर्शक पटल खराब झाल्यामुळे ज्याची दृष्टी गेली त्यालाच याचा उपयोग. डोळ्याच्या आतला पडदा किंवा मेंदूकडे जाणारी शीर निकामी झाली असेल तर नाही. मिळालेले प्रत्येक पटल रोपणास योग्य ठरतेच असेही नाही. या मर्यादा सांगितल्याने पक्ष दुबळा होईल ही आमची भीती व्यर्थ ठरली. ज्या लेखकाने आपल्या पक्षाची उणी बाजू स्वतः सांगितली, त्याच्या उरलेल्या विधानांवर साशंक वाचक अधिक विश्वास ठेवतो.

चौथ्या टप्प्यात आम्ही अण्णांचे मूल्य हाती धरून विचारले : ते पहिले तास घरच्यांचेच राहून हे दान होऊ शकेल काय? निर्णय निरोगीपणी, जेवणानंतरच्या गप्पांत घरच्या सर्वांनी मिळून केलेला असावा. प्रसंगी एकाने दूरध्वनी करावा. बाकीच्यांनी पापण्या मिटवून त्यांवर ओला कापूस ठेवावा, पंखा बंद करावा, डोके उशीने किंचित उंच करावे, आणि जवळ बसावे. पटल सुकू नये म्हणून करावयाच्या या गोष्टी एरवी आपण मायेने केल्या असत्या त्यांहून फार वेगळ्या नाहीत. पेढीचे लोक घरी येतात, देह कोठे न्यावा लागत नाही, आणि दहनविधी त्याच दिवशी होऊ शकतो. देहदानात अग्निसंस्कार तेव्हा होत नाही. येथे तो अखंड राहतो.

या रीतीवर दोन आक्षेप आहेत, आणि ते टाळता येणार नाहीत. पहिला असा की, हे सारे साखरेत घोळलेले औषध नव्हे काय? वाचकास गोंजारून शेवटी आपलेच गळी उतरवावयाचे, तर सरळ वाद अधिक प्रामाणिक. आक्षेप खरा आहे, आणि त्याची कसोटीही सोपी आहे. लिहिण्यापूर्वीचा व नंतरचा आपला पक्ष ताडून पाहावा. त्यात एका अक्षराचाही फरक पडला नसेल, तर आपण ऐकले नाही, ऐकल्याचे सोंग केले. दुसऱ्याच्या मनात खरोखर शिरलो तर आपणच बदलू, हा धोका रॉजर्स यांनी स्वतःच सांगितला होता. तो न पत्करता त्यांची रीत वापरणे म्हणजे निव्वळ कावा होय. छापील लेखात तर हा मोह अधिक, कारण ‘मला असे म्हणावयाचे नव्हते’ हे सांगण्यास वाचक समोर नसतो. म्हणून प्रतिपक्ष कागदावर उतरविल्यावर तो त्या मताच्या एका तरी जिवंत माणसास वाचून दाखवावा.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. ज्याच्यावर अन्याय झाला त्याने आधी अन्याय करणाऱ्याचे मन समजून घ्यावे, त्यास समाधान वाटेल अशा शब्दांत ते मांडावे, आणि मगच आपले गाऱ्हाणे सांगावे, ही अट निर्दय आहे. जेथे दोघे बरोबरीने बसू शकतात आणि दोघांनाही नाही म्हणण्याची मोकळीक आहे, तेथेच ही रीत शोभते. जेथे एकाचा पाय दुसऱ्याच्या मानेवर आहे, तेथे पाय काढण्यास सांगणे हाच पहिला टप्पा.

नवा लेख आम्ही अण्णांस दिला. तो त्यांनी दोनदा वाचला. प्रतिज्ञापत्र त्यांनी भरले नाही, आणि आम्हीही विचारले नाही. मात्र काही दिवसांनी त्यांचा मुलगा जिन्यात भेटला तेव्हा सहज म्हणाला, “परवा जेवताना बाबांनी विषय काढला. म्हणाले, माझ्या वेळी काय करायचे ते आताच ठरवू या. मग आई गेली त्या दिवसाबद्दलही बोलले. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच.”

त्यांनी काय ठरविले, हे त्याने सांगितले नाही. तो निर्णय त्या घराचा आहे. आमच्यापुरते एवढेच की, त्या चार सणसणीत वाक्यांपैकी एकही नव्या लेखात राहिलेले नाही, आणि त्यांची उणीव आम्हांस कोठे भासत नाही.