उत्तर नको असलेले पत्र

दुःखी माणसाला उपाय न सुचवणे ही उदासीनता ठरते का? हा प्रश्न मला एका परिचित जोडप्यामुळे पडला.

पत्नी वसईहून रोज मुंबईला जाणारी परिचारिका, पती कुवेतला नोकरीस. एके दिवशी तिच्या वॉर्डात तीन दिवसांचे बाळ दगावले. दुपट्यात गुंडाळताना बाळाच्या आईने तिला विचारले, "सिस्टर, ह्याला थंडी तर वाजणार नाही ना?" रात्री साडेदहाला तिने पतीला एवढेच कळवले. तिकडे तेव्हा आठ वाजले होते.

त्याने मोबाईलवर लगेच लिहिले : "तुझा काही दोष नाही. वॉर्ड बदलून माग. देवाची इच्छा. आता विचार करू नकोस." पाठवण्यापूर्वी त्याने ते पुन्हा वाचले. एकही वाक्य खोटे नव्हते. पण दोषाची गोष्ट तिने काढलीच नव्हती. ती त्याने तिच्या पदरात घातली होती. वॉर्ड बदलण्याचा सल्ला म्हणजे तिला आणखी एक काम होते. आणि 'विचार करू नकोस' ह्या शब्दांत तिच्यापेक्षा त्याचीच सोय अधिक होती : ती रडायची थांबली, की परदेशी हतबल बसलेल्या त्याला हलके वाटणार होते. त्याने सारे पुसले व लिहिले :

"त्या आईचा प्रश्न माझ्याही मनातून जात नाही. तू तिथे होतीस, बाळाला नीट गुंडाळलेस. आज उत्तर लिहू नकोस. मी बारापर्यंत जागा आहे. झोप ये, शुभरात्री."

ह्यात 'पण' नाही, 'निदान' नाही. तिने सांगितलेलीच गोष्ट तिला परत मिळते, फक्त आता ती दोघांची असते. तिच्याकडून काहीच मागितलेले नाही, उत्तरसुद्धा नाही.

ईयोबाचे तीन मित्र आपणांस ठाऊक आहेत. सात दिवस, सात रात्री ते त्याच्याजवळ जमिनीवर मुकाट बसले, तोवर ते खरे मित्र होते. त्याच्या दुःखाचे कारण शोधू लागले, आणि त्यांचे सांत्वन आरोप होऊन बसले.

ह्याला मर्यादाही आहे. पत्नीने स्वतः "मी काय करू?" असे विचारले, किंवा तिच्या जिवाचीच काळजी वाटू लागली, तर केवळ शुभरात्री म्हणून थांबणे हा अपराध होईल. रात्रीमागून रात्र तीच व्यथा येत राहिली, तर वॉर्डाचा विषयही काढावा लागेल. मात्र दिवसाउजेडी, तिची झोप झाल्यावर.

म्हणून मला वाटते, उपाय गिळून ठेवणे ही उदासीनता नव्हे. आपली अस्वस्थता दुसऱ्याच्या उशाशी न ठेवता रात्रभर स्वतःजवळ बाळगणे, ही त्या प्रेमाची किंमत आहे. कुवेतमधल्या त्या माणसाने ती मोजली. बारापर्यंत फोन वाजला नाही, आणि तरीही तो जागा राहिला.