मुलाची सही, वडिलांचे दायित्व

समजा, वाशिम जिल्ह्यातल्या रिसोडचा एक सोळा वर्षांचा धावपटू अकादमीत दाखल होतो. करारात लिहिले आहे: तीन वर्षे राहायचे, मध्येच सोडले तर ८० हजार रुपये भरायचे. खाली मुलाची सही आणि शेजारी वडिलांची. मुलगा वर्षभरात परतला, तर पैसे कुणाकडून मागता येतील?

१८७२च्या करार कायद्याने अज्ञान व्यक्तीला करारास अपात्र ठरवले, पण तिने केलेल्या कराराचे काय, हे स्पष्ट सांगितले नाही. तो मुळातच शून्य, की मुलाला हवा तर मोडता येणारा, यावर न्यायालयांत मतभेद होते. १९०३ मध्ये मोहरी बीबी खटल्यात प्रिव्ही कौन्सिलने वाद मिटवला. कलकत्त्याच्या धर्मोदास घोष याने अज्ञान असताना मालमत्ता गहाण ठेवली होती. तो करार शून्य ठरला आणि सावकाराला पैसेही परत मिळाले नाहीत.

हे कवच मुलांच्या भल्यासाठीच होते, पण १९४९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात त्याची दुसरी बाजू दिसली. राजराणी या अज्ञान मुलीसाठी वडिलांनी चित्रपटनिर्माते प्रेम अदीब यांच्याशी अभिनयाचा करार केला होता. भूमिका दुसरीला गेली आणि मुलीने दावा लावला. न्यायालयाने तो मानला नाही. करार मुलीशी झाला म्हणावे, तर ती अज्ञान. वडिलांशी झाला म्हणावे, तर मुलीच्या कामाचे वचन तिला बांधतच नाही, म्हणून मोबदलाच उरत नाही. मला हा निकाल कठोर वाटतो, कारण संरक्षणाचा भार मुलीवरच पडला. पण त्यातून एक गोष्ट पक्की झाली: वडिलांच्या सहीने मुलाचे श्रम बांधून देता येत नाहीत.

म्हणून रिसोडच्या मुलाला अकादमी थांबवू शकत नाही आणि त्याच्याकडून ८० हजार वसूलही करू शकत नाही. राहण्याखाण्यासारख्या खऱ्या गरजांचा वाजवी खर्च फार तर त्याच्या स्वतःच्या मालमत्तेतून मिळू शकतो. वडिलांचे मात्र तसे नाही. 'पालक' म्हणून मुलाच्या वतीने केलेली सही वेगळी, आणि 'फी मी भरीन' असे स्वतःच्या नावाने दिलेले वचन वेगळे. दुसरे वचन त्यांना बांधते. तरी मध्येच सोडल्याबद्दलचे ८० हजार आपोआप मिळत नाहीत. ती रक्कम कमाल मर्यादा असते आणि न्यायालय वाजवी भरपाईच देते.

मूल अठरा वर्षांचे झाले म्हणून जुना करार जिवंत होत नाही. नव्याने, नव्या मोबदल्यावर लिहावा लागतो. त्यामुळे पालकांनो, सहीआधी प्रत्येक कलमाशी थांबा आणि पैशांचे वचन कुणाच्या नावाने लिहिले आहे, ते वाचा.