सावलीतले वावर

आमच्या नांदगाव पेठच्या घरात बैठकीच्या भिंतीवर दोन चित्रे शेजारी शेजारी टांगलेली आहेत. एक आईचे आहे आणि एक माझे. आईच्या चित्रात नुसती काळी सावली आहे, आत काही नाही. माझ्या चित्रातल्या सावलीत आमचे वावर भरलेले आहे. दिवाळीला येणारे पाहुणे हटकून विचारतात, ‘आईचे चित्र अर्धवट का ठेवले?’ खरे म्हणजे पुरे झालेले चित्र आईचेच आहे. हे ध्यानात यायला मला एक सबंध रीळ आणि आईची दोन वाक्ये खर्ची घालावी लागली.

हा प्रकार पुष्कळांनी पाहिला असेल. माणसाचा एका बाजूने दिसणारा चेहरा, नाक, ओठ, हनुवटी, मागचा अंबाडा, एवढ्याची फक्त आकृती. आणि त्या आकृतीच्या आत डोंगर, झाडे, एखादी वाट. आकृतीबाहेर सगळे पांढरे. पाहणाऱ्याला वाटते की, हा देखावा त्या माणसाच्या मनातलाच असला पाहिजे. आजकाल संगणकावर ते क्षणात होते. दोन चित्रे एकावर एक ठेवून, ज्या त्या ठिकाणी त्यांतला अधिक उजळ बिंदू राखायचा, एवढा एक नियम लावला की झाले. पण मला ते माझ्या जुन्या घडीच्या कॅमेऱ्यावर, फिल्मवर करायचे होते. त्या कॅमेऱ्यात रीळ पुढे सरकवणे आणि झडप ताणणे या दोन गोष्टी एकमेकींशी बांधलेल्या नाहीत. रीळ न सरकवता झडप दुसऱ्यांदा ताणली, तर त्याच चौकटीवर दुसरे चित्र उमटते.

यातली मेख समजून घ्यायला छायाचित्रकार असावे लागत नाही. फिल्मला प्रकाश तेवढा कळतो, अंधार कळत नाही. जेथे भरपूर प्रकाश पडला, तेथली जागा खर्ची पडली. मग तिच्यावर दुसरे काही टाकले तरी दिसत नाही. जेथे पहिल्या वेळी अंधार होता, तेथे फिल्म कोरी राहते आणि दुसऱ्या चित्राची वाट पाहते. साधी दोन चित्रे एकमेकांवर घ्यायची असतील, तर दोघांनाही निम्मा निम्मा प्रकाश द्यावा लागतो, नाहीतर चित्र जळते. सावलीच्या बाबतीत ही वाटणी लागत नाही, कारण सावलीने आपल्या वाट्याचा प्रकाश घेतलेलाच नसतो. म्हणजे वावर दिसायला हवे असेल, तर आईला काळे व्हावे लागते. हा भौतिकशास्त्राचा नियम आहे. तो नीतीचाही प्रश्न असेल, असे मला तेव्हा वाटले नव्हते.

आईचे वय ब्याऐंशी. मागच्या कार्तिकात मी तिला घराच्या गच्चीवर उभी केली. आभाळ ढगाळ होते. मी म्हटले, पांढरी पाठ आयती मिळाली. पण रीळ धुऊन आल्यावर पाहतो तो आईचा चेहरा काळा नव्हे, राखाडी झालेला. ढगाळ दिवशी प्रकाश चोहोबाजूंनी येतो आणि चेहरा उजळवून सोडतो. त्या राखाडी गालावर वावरातली तासे चढली होती, सुरकुती कोणती आणि तास कोणते ते कळेना. सावली नीट पडली नसेल तर ती अशी ओळखावी: दोन्ही चित्रे दिसतात आणि एकही दिसत नाही.

मग मी जागा बदलली. आमच्या माजघराला एकच दार आहे, ते अंगणात उघडते आणि समोर चुन्याने पांढरी केलेली भिंत आहे. दुपारी भिंतीवर ऊन आले की आईला दाराच्या उंबऱ्याच्या आत मोड्यावर बसवले आणि मी आत अंधारात उभा राहिलो. उन्हातल्या वस्तूला १०० गतीच्या फिल्मवर सोळाचे छिद्र आणि सेकंदाचा १२५ वा भाग एवढा प्रकाश पुरतो. मी छिद्र एक पायरी मोठे केले, अकरावर आणले. त्याने भिंत निखळ पांढरी होते आणि आतला चेहरा निखळ काळा राहतो. आणखी मोठे केले असते तर भिंतीचा उजेड कडेवरून आत झिरपला असता, आणि नाकाचे टोक व नथनीचा कण दोन्ही गेले असते. मान अगदी सरळ बाजूला हवी. पलीकडच्या डोळ्याची पापणी दिसली तरी आकृती बिघडते. डोक्यावरचा पदर मात्र तिने काढू दिला नाही. त्यामुळे अंबाडा पदराखाली गेला, पण तीच तिची खरी आकृती होती.

झडप पडल्यावर वहीत एक चौकोन काढून तिचे डोके त्यात कोठे आले ते आखून ठेवले, आणि रीळ न सरकवता दुसऱ्या दिवशी सकाळी वावरात गेलो. कपाशीची बोंडे फुटली होती, मधून तुरीच्या ओळी, धुऱ्यावर जुनी बाभूळ. येथे दुसरी अडचण असते. देखाव्यातले आभाळ जर डोक्याच्या कडेला आले, तर आतले पांढरे आणि बाहेरचे पांढरे एक होऊन कपाळाची रेषाच नाहीशी होते. कड टिकवायची तर कडेशी काहीतरी गडद हवे. म्हणून मी कॅमेरा खाली झुकवला, क्षितिज डोक्याच्या वर गेले, आणि बाभळीचा काळा पसारा नेमका पदराच्या जागी आणला. प्रकाश बेताचाच दिला, अर्धी पायरी कमी.

क्षितिज वर नेण्याचे आणखी एक कारण होते, ते तेव्हा मी स्वतःशीही बोललो नाही. आमच्या वावरातून आता औष्णिक वीजकेंद्राची चिमणी दिसते. ती क्षितिजाच्या वर असल्यामुळे पांढऱ्या भागात पडली आणि बुडून गेली. फिल्मवर तिचा प्रकाश आला नाही असे नाही. पण पांढऱ्यावर पांढरे दिसत नाही. लबाडी न करता लबाडी साधली होती.

चित्र सुंदर आले. पदराच्या जागी बाभूळ, गालावर कपाशीची पांढरी बोंडे, हनुवटीखाली तुरीच्या ओळी. मी ते मोठे करून आईच्या हातात दिले. तिने ते उजेडात नेले, जवळ धरले, लांब धरले आणि म्हणाली, “हे त वावर हाय. माह्या डोक्श्यात वावर काऊन घातलं रे बाबू?”

मी म्हटले, “माय, तुझा सारा जन्म त्यातच गेला ना!”

“वावर तुह्या बापाचं व्हतं. मी त्यात निंदलं, येचलं, अन् सांजीले येऊन चुली फुकल्या. सात-बाऱ्यावर माहं नाव तुहा बाप गेल्यावर चढलं.”

“मग काय घालू?”

“काही घालू नको. माह्या मनात काय हाय ते मलेच ठाऊक. अन् तेबी रोज येगयेगळं रायते.”

एवढे बोलून ती तुरीच्या शेंगा सोलायला बसली. मला मात्र बसायला जागा उरली नाही.

फोटोने फसवणूक करण्याची गोष्ट जुनी आहे. अमेरिकेत मम्लर नावाचा एक छायाचित्रकार लोकांच्या तसबिरींत त्यांच्या मेलेल्या आप्तांच्या धूसर आकृती दाखवून देई आणि पैसे घेई. १८६९ साली न्यू यॉर्कमध्ये त्याच्यावर फसवणुकीचा खटला झाला. पुरावा पुरेसा नाही म्हणून तो सुटला. त्याच्याविषयी राग येणे सोपे आहे, कारण त्याने खोटे ते खरे म्हणून विकले. मी तसे काही केले नव्हते. आई खरी, वावर खरे, दोन्ही क्षण खरे. तरीही आईचे म्हणणे बरोबर होते. दोन खऱ्या गोष्टी एकमेकींत घातल्या की एक तिसरे विधान तयार होते, आणि ते विधान दोहोंपैकी कोणीच केलेले नसते. ते कॅमेरा धरणाऱ्याचे असते. ‘हिच्या मनात हे आहे’ असे मी म्हणालो होतो, आणि म्हणताना तिला विचारले नव्हते.

रोमन लेखक प्लिनी याने चित्रकलेची एक जुनी कथा नोंदवली आहे. ग्रीसमधल्या एका कुंभाराच्या मुलीचा प्रियकर परदेशी निघाला होता. दिव्याच्या उजेडात भिंतीवर पडलेल्या त्याच्या चेहऱ्याच्या सावलीभोवती तिने रेघ ओढून ठेवली. पुढे तिच्या बापाने त्या रेघेत माती भरून तिचा मुखवटा घडवला आणि इतर भांड्यांबरोबर भाजून काढला. कथा सांगणारे बापाचे कौतुक करतात. मला आता त्या मुलीचे वाटते. तिला जाणाऱ्या माणसाची कड तेवढी हवी होती. आत काय होते ते तिला ठाऊक होते, किंवा ठाऊक नव्हते आणि ते तसेच राहू देण्याइतके तिचे प्रेम होते. बापाला मात्र रिकामी जागा पाहवली नाही.

आपल्या घरांतही हेच चालते. आईच्या मनात तुळस, बापाच्या मनात शेत, आजीच्या मनात पंढरी. आपण ती चित्रे इतक्या मायेने भरतो की, ती भरता यावीत म्हणून त्या माणसाला आधी काळे करावे लागले, याची आठवण राहत नाही. प्रकाशात बसलेल्या, बोलणाऱ्या, कुरकुर करणाऱ्या माणसात दुसऱ्याचे वावर मावत नाही. ते सावलीतच मावते.

म्हणून मी दोन गोष्टी केल्या. त्याच रिळात आईची नुसती सावली असलेली एक चौकट होती. दुसरे चित्र घ्यायच्या आत माझ्या हातून रीळ पुढे सरकले होते. ती मी चूक म्हणून बाजूला ठेवली होती. तीच मोठी करून लावली. मग त्याच दारात मी स्वतः बसलो, पुतण्याकडून झडप दाबून घेतली, आणि माझ्या सावलीत ते वावर घातले. कारण ते वावर ज्याच्या डोक्यात होते तो मी होतो, हे एव्हाना कळले होते. या खेपेला कॅमेरा झुकवला नाही. क्षितिज कानाच्या रेषेत आले आणि चिमणीही आत आली. तिच्यामागच्या आभाळाने माझ्या कपाळाची कड पुसून टाकली आहे. जवळून पाहिले तर डोके वरून उघडे राहिल्यासारखे दिसते. जाणकार त्याला दोष म्हणतील, आणि तो आहेच.

आईने ते चित्र पाहिले, चिमणीवर बोट ठेवले आणि म्हणाली, “हे बराबर हाय.” आपल्या चित्रापुढे ती कधी थांबत नाही. दिवे लावताना पणती मात्र त्याच्याच खाली ठेवते. का, ते मी विचारलेले नाही.