दांडेकरांचे कुंपण

खरीप पीकविम्याचा अर्ज भरण्याची मुदत साधारणपणे ३१ जुलैपर्यंत असते. तोवर पावसाचा निम्मा रंग दिसलेला असतो. भिवापूर किंवा उमरेडकडच्या सोयाबीन उत्पादकाला आपले रान पुण्या-मुंबईच्या विमा कंपनीपेक्षा कितीतरी जास्त माहीत असते: कोणता तुकडा नाल्याकाठी आहे, कुठे पाणी साचते, यंदा उगवण कशी झाली. ज्याला नुकसानीची धास्ती तो विमा काढणार, ज्याचे पीक डोलते आहे तो टाळणार. वडिलांच्या छातीत दुखू लागल्यावर आरोग्य विमा काढायला निघालेल्या मुलाचा हिशेबही हाच असतो. मग कंपनी हप्ता वाढवते, त्यामुळे धडधाकट माणसे बाहेर पडतात आणि उरलेल्यांसाठी तोही हप्ता अपुरा ठरतो. अर्थशास्त्रात याला प्रतिकूल निवड म्हणतात. जुन्या आजारांना सुरुवातीची काही वर्षे संरक्षण न देण्याची अट त्यातूनच आली.

दुसरा प्रश्न विमा काढल्यानंतरचा. भरपाई मिळणारच असेल, तर अळी पडलेल्या सोयाबीनवर आणखी एक फवारणी कशाला करायची? यात लबाडी असेलच असे नाही. मजुरी आणि औषधाचा खर्च वाचवणे हा साधा शहाणपणा आहे. पण नुकसान वाढते आणि त्याचा भार विम्याच्या निधीवर पडतो. हा नैतिक धोका.

या दोन्हींवर एकच उपाय सुचवला तो अर्थशास्त्रज्ञ वि. म. दांडेकर यांनी, १९७६ साली. त्यांचे म्हणणे असे, की एकेका शेताचे नुकसान मोजूच नका, संपूर्ण क्षेत्राचे सरासरी उत्पादन मोजा आणि विमा पीककर्जाला जोडा. १९८५ची देशव्यापी योजना आणि २०१६ची प्रधानमंत्री पीक विमा योजना या दोन्ही याच पायावर उभ्या राहिल्या.

एक काल्पनिक महसूल मंडळ घेऊ. मागच्या सात वर्षांत तिथे सोयाबीनचे हेक्टरी उत्पादन १२, ५, ११, १०, ४, ९ आणि ८ क्विंटल होते. त्यातली चांगली पाच वर्षे धरली तर सरासरी १० येते. जोखीमस्तर ७० टक्के असल्याने उंबरठा उत्पादन ७ क्विंटल ठरते. यंदा पीक कापणी प्रयोगांत सरासरी ४.२ निघाली, म्हणजे उंबरठ्यापेक्षा ४० टक्के कमी. विमा संरक्षित रक्कम हेक्टरी ५०,००० रुपये असेल, तर मंडळातल्या प्रत्येक विमाधारकाला हेक्टरी २०,००० मिळतील. ज्याने फवारणी केली आणि ९ क्विंटल पिकवले त्यालाही, आणि ज्याने रान वाऱ्यावर सोडले त्यालाही. एकट्याच्या आळसाने मंडळाची सरासरी हलत नाही, म्हणून फवारणी टाळून भरपाई वाढत नाही. नाल्याकाठच्या तुकड्याची गुप्त माहितीही निरुपयोगी ठरते. मला ही रचना फार देखणी वाटते.

पुढे हे कुंपण एकेक खांब काढून मोकळे केले गेले. स्थानिक आपत्तीसाठी वैयक्तिक पंचनामे आधीच सुरू होते. २०२० पासून कर्जदारांवरची सक्ती गेली. २०२३च्या खरिपात महाराष्ट्राने एक रुपयात विमा दिला. त्यामुळे प्रतिकूल निवड जवळजवळ संपली, कारण रुपयासाठी बाहेर कोण राहील? पण शेतकऱ्याने स्वतःचा हप्ता भरणे ही त्याची एक प्रकारची साक्षही असते. पीक नसलेल्या जमिनीवर कोणी दोन टक्के हप्ता सहजी भरत नाही, रुपया मात्र भरतो. त्यात सेवा केंद्रचालकाला दर अर्जामागे ४० रुपये मिळत होते, त्यामुळे त्याचे हित अर्ज वाढण्यात होते, खरेपणात नव्हे. सरकारी आणि देवस्थानाच्या जमिनींवरही विमे निघाले. सगळा दोष शेतकऱ्याच्या माथी मारणाऱ्यांनी हे ४० रुपये विसरू नयेत.

२०२५च्या खरिपात राज्याने रुपयाची योजना बंद केली, दोन टक्के हप्ता परत आणला आणि भरपाई पीक कापणी प्रयोगांपुरती ठेवली. दांडेकरांचे कुंपण बऱ्याच अंशी पुन्हा उभे राहिले. त्याची किंमतही परत आली. एकाच शिवारात गारपीट झाली आणि बाकीचे मंडळ सुखरूप राहिले, तर प्रामाणिकपणे हप्ता भरलेल्याच्या हातात काहीच पडत नाही. माझ्या मते असे एकाकी नुकसान विम्याने नव्हे, तर सरकारच्या आपत्ती मदतीने भरून काढावे. विम्यात ते आणले की नाल्याकाठचे शेतकरी आधी येणार.

मग मंडळाऐवजी ग्रामपंचायत हेच एकक करा, असा आग्रह होतो. तसे केले की गारपीटग्रस्ताला न्याय मिळण्याची शक्यता वाढते. पण मंडळात एका पिकाचे १० प्रयोग होतात, ग्रामपंचायतीत ४. चारपैकी एका तुकड्याचे वजन कमी नोंदले, तरी अख्ख्या गावाची भरपाई बदलते आणि कापणीच्या वेळी बांधावर उभ्या असलेल्या सगळ्यांचे हित त्या काट्याच्या एकाच बाजूला असते.